कानाचा दडा सुटत नाही: ईएनटीकडे पहिल्या खेपेला नक्की काय काय तपासतात?

कांचन_सातारा

आईचं वय ६२. सर्दी झाली, बरी झाली, पण उजव्या कानाला बसलेला दडा काही सुटला नाही. तीन आठवडे होतील. दुखत नाही, वाहत नाही. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो आणि फोन हल्ली डाव्या कानाला लावते. फॅमिली डॉक्टरांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली आहे. शनिवारची वेळ मिळाली आहे.

आईने आधी कधीच या डॉक्टरांकडे दाखवलेलं नाही, त्यामुळे तिने प्रश्नांची यादीच दिली आहे. दुर्बीण घालतात का आणि दुखतं का? उपाशी जायचं का? ऐकण्याची तपासणी त्याच दिवशी होते का? बीपीची गोळी आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, ती थांबवायची का? जाणकारांनी सांगावं.

भाऊसाहेब_६४

मळ असणार, दुसरं काही नाही. या वयात कानातला मळ कडक होतो. आजपासून रोज रात्री कोमट तेलाचे चार थेंब घाला. शनिवारी डॉक्टर पाण्याची पिचकारी मारतील, पाच मिनिटांत कान मोकळा. ऐकण्याची तपासणी कशाला? मशीन घेतलेलं असतं, ते वसूल करायला सगळ्यांची करतात.

निरगुडी

मी कान-नाक-घशाचीच डॉक्टर आहे. भाऊसाहेब, मळाची शक्यता आहेच, पण तेल नको. तेलाचा थर पडद्यावर बसला की तपासताना नुसतं चकाकतं आणि पडद्याचा खरा रंग कळत नाही. शिवाय पडद्याला भोक आहे की नाही हे कोणी पाहिलेलंच नाही. भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. पाहिल्याशिवाय कानात काहीच घालू नये, एवढं पाळा.

कांचनताई, आधी एक विचारते, कारण उत्तरावर शनिवारपर्यंत थांबायचं की नाही ते ठरेल. दडा सर्दीबरोबर हळूहळू बसला, की सकाळी उठल्यावर अचानक ऐकू येईनासं झालं? कानातली नस एकाएकी बसते तेव्हाही पेशंट 'दडा बसलाय' एवढंच सांगतो. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून लोक सर्दी समजून वाट बघतात. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त, आणि पहिले दोन आठवडे गेले की त्यांचा उपयोग बराच घटतो. असं असतं तर मी त्याच दिवशी जा म्हटलं असतं.

कांचन_सातारा

हळूहळू. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जड वाटू लागलं आणि मग तसंच राहिलं. चक्कर नाही. कधीकधी गिळताना 'टक' असा आवाज येतो म्हणते.

निरगुडी

मग शनिवार चालेल. तो 'टक' आवाज डॉक्टरांना नक्की सांगा.

आता क्रम. पहिली पाच-सात मिनिटं नुसते प्रश्न. कोणता कान, कधीपासून, कमीजास्त होतं का, शिट्टीसारखा आवाज येतो का, लहानपणी कान फुटायचा का, गिरणीत किंवा मशीनजवळ काम केलंय का. टीबीसाठी किंवा मोठ्या जंतुसंसर्गासाठी इंजेक्शनांचा कोर्स झाला होता का, हेही विचारतात, कारण स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन अशी काही इंजेक्शनं आतल्या कानाला बाधतात. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला. 'पांढरी छोटी गोळी' यावरून कोणालाच काही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने थांबवू नका. नुसत्या तपासणीसाठी ती थांबवावी लागत नाही, पण कान साफ करताना हात हलका ठेवायचा हे डॉक्टरांना कळायला हवं. नाकाला सुकवणारं औषध लावायच्या आधी बीपीचंही त्यांना माहीत पाहिजे.

मग कान. आधी चांगला कान बघतात, नंतर तक्रारीचा. मोठ्या माणसाचा बाहेरचा कान वर आणि मागे ओढला की वाकडी नळी सरळ होते आणि पडदा दिसतो. ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या भागातच केस असतात आणि मळही तिथेच तयार होतो. आतल्या हाडाच्या भागावर कातडी इतकी पातळ असते की उपकरण टेकलं तरी कळ येते. म्हणून आईंना सांगून ठेवा की मान झटकायची नाही, दुखलं तर हात वर करायचा.

मळ आड येत असेल तर आधी तो काढतात, कारण पडदा दिसल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. सक्शनची नळी लावली तर कानात मोठा घरघराट होतो आणि क्षणभर गरगरू शकतं. पाण्याने काढायचा तर पाणी अंगाच्या तापमानाचं लागतं. थंड किंवा गरम पाणी गेलं की खोली फिरायला लागते, यात पेशंटचा दोष नसतो. कान साफ करताना ठसका लागला तर घाबरू नका. कानाच्या नळीतल्या एका नसेचं नातं घशाशी आहे, त्यामुळे काही जणांना लागतो. मळ दगडासारखा असेल तर तो मऊ करायचे थेंब देऊन चार-पाच दिवसांनी परत बोलावतात. तेव्हा 'एका खेपेत का नाही केलं' म्हणून चिडू नका, ओढून काढला तर कातडी सोलते.

आरोहीची_आई

आम्हाला बेरा करायला सांगितली होती, म्हणजे डोक्याला तारा लावून ऐकण्याची नस तपासतात ती, झोपेचं औषध देऊन. कांचन, तू सरळ बेराच करून घे. ते मशीनच सांगतं, पेशंटला काही विचारावं लागत नाही. दोन तास मात्र धरून जा, मुलं झोपतच नाहीत.

कर्णोपकर्णी

आरोहीची आई, बेरा लहान मुलांसाठी, कारण त्यांना 'ऐकू आलं की बटण दाब' सांगता येत नाही. इथे प्रश्न ६२ वर्षांच्या बाईंचा आहे, त्या सांगू शकतात. बेरात साधारणपणे टकटक आवाज वापरतात आणि त्यातून मुख्यतः वरच्या पट्टीचं ऐकणं कळतं. सर्दीनंतरच्या दड्यात खालच्या पट्टीचंही ऐकणं उतरतं, ते त्यात धड दिसायचं नाही. मोठ्या माणसात नसेचा संशय असेल तर बेरा काढतात, पण सुरुवात तिथून नाही.

माझं काम ऑडिओमेट्रीचं, म्हणजे ऐकणं मोजायचं, म्हणून त्याबद्दल लिहितो. कांचनताई, जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: ऑडिओमेट्री तिथेच होते का, शनिवारी ऑडिओलॉजिस्ट असतात का, आणि आवाजबंद खोली आहे का. बऱ्याच ठिकाणी ऑडिओलॉजिस्ट ठरावीक दिवशीच येतात. तिसरा प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो, पण महत्त्व त्याचंच जास्त. पंखा, एसी, बाहेरचा रस्ता यांची घरघर खालच्या पट्टीत असते. साध्या खोलीत तपासणी केली तर २५० आणि ५०० हर्ट्झचे आकडे उगाच वाईट येतात आणि चांगल्या कानातही दोष दिसतो.

सायनसग्रस्त

मला तर पहिल्याच दिवशी नाकात दुर्बीण घातली होती. तक्रार नाकाची होती, ते ठीक. पण कानाच्या पेशंटच्या नाकात दुर्बीण कशाला? माझ्या मते सायनसचा एक्स-रे काढून न्यावा, वेळ वाचतो.

निरगुडी

एक्स-रे काढून नेऊ नका. सायनसच्या साध्या एक्स-रेवर आता फारसं कोणी विसंबत नाही, आणि लागलाच तर सीटी लागतो, तोही औषधं देऊन झाल्यावर.

नाकाचं म्हणाल तर, मधल्या कानात हवा जाते ती नाकाच्या मागून येणाऱ्या नळीतून. सर्दीत त्या नळीचं तोंड सुजतं, हवा जायची थांबते, पडदा आत ओढला जातो आणि मग पडद्याच्या मागे पाणी साठतं. म्हणून एका कानात पाणी असलेल्या मोठ्या माणसाच्या नाकामागचं ते तोंड बघावं लागतं. तिथेच मागे एक खाच असते आणि त्या खाचेत गाठ असेल तर तिची पहिली तक्रार नेमकी हीच असू शकते: एका बाजूचा दडा, बाकी काही नाही. आपल्याकडे ही गाठ विरळा. ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये, ती बरीच जास्त आढळते. घाबरवायला सांगत नाही, दुर्बीण कशासाठी ते कळावं म्हणून सांगितलं.

प्रत्यक्षात काय होतं, तर नाकात औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या पाच-दहा मिनिटं ठेवतात. औषधं दोन, एक सूज उतरवणारं आणि एक बधिर करणारं. बधिर करणारं कडवट लागतं, घशात उतरतं आणि गिळताना घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला दुर्बिणीपेक्षा याचीच जास्त भीती वाटते. अर्ध्या-पाऊण तासात ते उतरतं, तोवर काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. दुर्बीण सुमारे ४ मिलिमीटर जाडीची आणि तपासणी दोन-तीन मिनिटांची. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. हाड खूप वाकडं असेल तर त्या बाजूने जात नाही, मग दुसऱ्या बाजूने जातात. दाताच्या डॉक्टरांकडे बधिर करायच्या इंजेक्शनची कधी ॲलर्जी आली असेल तर ते आधी सांगा. उपाशी जायची गरज नाही, फक्त पोट तुडुंब भरून जाऊ नका.

घाटमाथा

मीही याच क्षेत्रातला. निरगुडीताईंशी थोडा असहमत. सर्दीनंतर तीन आठवडेच झालेत. सर्दीमुळे साठलेलं पाणी आणखी काही आठवड्यांत बऱ्याचदा आपोआप उतरतं. मी पहिल्या खेपेला मान चाचपून गाठी नाहीत एवढं बघतो आणि पाणी टिकून राहिलं तरच दुर्बीण घालतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या बाईंच्या नाकात उगाच ओरखडा कशाला?

निरगुडी

मान चाचपायचीच, त्यात वाद नाही. पण पेशंट दुसऱ्या खेपेला येईलच याची खात्री कुठे असते? बरं वाटायला लागलं की येत नाहीत. म्हणून मी पहिल्याच खेपेला बघते. तुमची पद्धतही चूक नाही.

भाऊसाहेब_६४

आमच्या वेळचे डॉक्टर तो पितळी चिमटा वाजवून कानाशी धरायचे. त्यावरून एवढंसं तरी कळायचं का? आता मशीन आहेत म्हटल्यावर ती गंमत बंद झाली असेल.

कर्णोपकर्णी

बंद नाही झाली आणि होऊ नये. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. ५१२ हर्ट्झचा वापरतात, कारण त्याहून खालच्या पट्टीचा असला तर आवाजापेक्षा थरथरच जास्त जाणवते. एकदा तो कपाळावर टेकवून विचारतात, आवाज कुठे येतो, मधे की एका बाजूला? मग कानामागच्या हाडावर आणि कानासमोर धरून विचारतात, कुठे मोठा?

गंमत अशी की पडद्यामागे पाणी किंवा मळ अडला असेल तर कपाळावरचा आवाज दडा बसलेल्या कानात मोठा येतो. नस बसली असेल तर उलट, चांगल्या कानात. आई तोंड मिटून लांब 'म्ऽऽ' असा हुंकार देऊन बघू शकतात, तीच परीक्षा ढोबळ स्वरूपात होते. पण त्यावर विसंबून घरी बसू नका. पेशंट बऱ्याचदा फसतात. 'बहिऱ्या कानात मोठा कसा येईल' असं वाटून चांगल्या कानाचं नाव सांगतात. आईंना सांगा, जसं ऐकू येतं तसंच सांगायचं, विचार करायचा नाही.

त्यानंतर ऑडिओमेट्री. कानावर हेडफोन, हातात बटण. बारीकात बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. स्पष्ट आल्यावर दाबायचं असं समजून पुष्कळ जण थांबतात आणि आकडे दहा-पंधरा डेसिबलने वाईट येतात. दुसऱ्या टप्प्यात कानामागच्या हाडावर एक कंपन देणारा तुकडा लावतात. तो हाडावर घट्ट बसायला हवा, केसांवर किंवा चष्म्याच्या दांडीवर नको, म्हणून चष्मा आणि कानातलं काढून ठेवा. तिसऱ्यात एका कानात पाऊस पडल्यासारखा खरखराट सोडतात आणि दुसऱ्या कानातल्या टूंटूंकडे लक्ष द्यायला सांगतात. याला मास्किंग म्हणतात. वयस्कर माणसं इथे गोंधळतात आणि खरखराटालाच बटण दाबतात. आधी सांगून ठेवलं की बरं.

सगळं मिळून वीस मिनिटं ते अर्धा तास. आदल्या दिवशी लग्नाची वरात किंवा डीजे असेल तर तपासणी पुढे ढकला, त्याने आकडे काही काळ वाईट येतात.

शेवटी टिंपॅनोमेट्री. कानाला मऊ बूच लावून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. मिनिटभराचं काम. बोलायचं नाही, गिळायचं नाही, नाहीतर रेघ वेडीवाकडी येते.

कांचन_सातारा

शनिवारी जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, आई अगदी तयारीने गेली होती. थोडक्यात सांगते आणि रिपोर्ट उतरवते.

डाव्या (चांगल्या!) कानात मळ होता, तो सक्शनने काढला. उजव्यात मळ नव्हता. डॉक्टरांनी भिंगाला रबरी फुगा जोडलेल्या उपकरणाने कानात हवा सोडून पाहिली. डावा पडदा हलतो, उजवा हलत नाही म्हणाले. फोर्कने कपाळावरचा आवाज उजवीकडे आला. कानामागे आणि कानासमोर उजव्या बाजूला दोन्हीकडे सारखाच. नाकात दुर्बीण घातली. नळीच्या तोंडाशी थोडी सूज आहे, मागची खाच स्वच्छ आहे असं लिहिलंय.

ऑडिओमेट्री: उजव्या कानात हेडफोनने ५०० हर्ट्झला ४०, १००० ला ४०, २००० ला ३५, ४००० ला ५०. डाव्या कानात अनुक्रमे १५, २०, २०, ४०. उजव्या हाडावरून १५, १५, २०, ४०. सरासरी उजवी ३८, डावी १८ लिहिली आहे. टिंपॅनोग्राम उजवा 'बी', डावा 'ए'. उजव्याखाली १.१ मिली असा आकडा आहे.

डॉक्टरांनी पडद्यामागे पाणी आहे म्हणून सांगितलं, नाकाचा स्प्रे दिला आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. पण शेजारचे एक काका रिपोर्ट बघून म्हणाले, नस चाळीस टक्के गेलीय, मशीन लावा. आता काय खरं?

भाऊसाहेब_६४

मळ निघाला की नाही! म्हटलं होतं.

घाटमाथा

निघाला, पण तक्रार नसलेल्या कानातून, भाऊसाहेब.

कांचनताई, डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत, ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. ३८ म्हणजे ५००, १००० आणि २००० च्या ४०, ४०, ३५ या आकड्यांची सरासरी. २५ पर्यंत सहसा नॉर्मल धरतात. ३८ म्हणजे सौम्य कमी: समोरासमोर बोललेलं कळतं, कुजबूज आणि पलीकडच्या खोलीतलं निसटतं. आणि नस गेली म्हणायला हाडावरून घेतलेले आकडेही मोठे यायला हवेत. तुमच्या आईंचे ५०० आणि १००० ला १५ आहेत, म्हणजे नस तिथे चांगली आहे आणि २५ डेसिबल वाटेत अडताहेत. फोर्कवर दोन्हीकडे सारखं आलं तेही याच्याशी जुळतं. हाडावरचा आवाज कानासमोरच्यापेक्षा मोठा वाटायला ही तफावत साधारण २० ते २५ च्या आसपास लागते आणि आईंची बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. फोर्कचं उत्तर नॉर्मल आलं म्हणून कान नॉर्मल असं धरू नये ते यासाठीच. तफावत १५ ची असेल तर फोर्कची ही परीक्षा काहीच बोलत नाही.

कर्णोपकर्णी

बरोबर. पण ताई, एक बघून सांगा. उजव्या हाडाच्या आकड्यांवर आलेखात कोणती खूण आहे? `<` अशी की `[` अशी?

कांचन_सातारा

`<` अशी. चारही ठिकाणी तीच. यात काय?

कर्णोपकर्णी

म्हणजे हाडाची तपासणी मास्किंग न करता झाली आहे. अडचण अशी की हाडावर लावलेलं कंपन कवटीतून दोन्ही कानांत जवळजवळ सारखंच पोचतं. तुकडा उजव्या कानामागे लावला तरी उत्तर डावा कान देऊ शकतो. डाव्याचे आकडे १५, २०, २० आहेतच. म्हणजे कागदावर दिसणारी '१५, १५, २०' ही उजव्या नसेची ताकद आहे की डाव्याची, हे या आलेखावरून सिद्ध होत नाही. हेडफोनचा आणि हाडाचा आकडा यांत १० डेसिबलहून जास्त फरक दिसला की दुसऱ्या कानात खरखराट सोडून परत मोजायचं असतं. केलं की खूण `[` येते.

ऑडिओमेट्रीत सर्रास राहून जाणारी गोष्ट हीच. गर्दी असते, पेशंट थकलेला असतो, आणि आकडे 'शोभून दिसतात'. उजवी नस खरोखर बसलेली असती तरी मास्किंगशिवाय कागद असाच दिसू शकला असता.

सायनसग्रस्त

अरे बापरे. म्हणजे निदानच चुकीचं?

निरगुडी

नाही हो, घाई नको. एका आलेखावर निदान उभं नाही. नस बसली असती तर कपाळावरचा फोर्क डावीकडे गेला असता, तो उजवीकडे आला. पडदा हवेने हलला नाही. टिंपॅनोग्राम 'बी' आहे, म्हणजे दाब बदलूनही पडदा ढिम्म. तीन वेगवेगळ्या तपासण्या एकच सांगताहेत.

तो १.१ मिलीचा आकडाही बघितला पाहिजे, कारण 'बी' तीन कारणांनी येतो. आकडा ०.२-०.३ असा बारीक असेल तर बूच नळीच्या भिंतीला टेकलंय किंवा पुढे मळ आहे. अडीच मिलीच्या पुढे असेल तर पडद्याला भोक आहे आणि यंत्र मधल्या कानाची जागाही मोजतंय. १.१ ही मोठ्या माणसाच्या नळीची नेहमीची जागा, तेव्हा पडदा अखंड आणि मागे पाणी.

तरी कर्णोपकर्णी म्हणतात ते करून घ्याच. पाण्याच्या जोडीला नसही थोडी उतरली आहे का, हे मास्किंगशिवाय कळणार नाही. दोन्ही दोष एकत्र असू शकतात.

कांचन_सातारा

आज फोन केला. त्यांनी लगेच मान्य केलं, त्या दिवशी आई कंटाळली म्हणून थांबवलं होतं म्हणाले. परत बोलावून मोफत करून दिली. आता `[` खूण आहे आणि आकडे १५, १५, २५, ४०. पहिल्यापेक्षा २००० ला ५ जास्त.

कर्णोपकर्णी

५ चा फरक एका माणसात एकाच दिवशीही येतो, सोडून द्या. ५०० आणि १००० ला २५ ची तफावत कायम राहिली, म्हणजे पाण्याचाच दोष. ४००० ला हाडावरून ४० आणि डाव्या कानातही ४०, दोन्ही बाजूंना सारखंच, ते वयाचं उतरणं आहे. पाणी गेल्यावरही ते राहील, तेव्हा 'उपचाराने पूर्ण बरं झालं नाही' असं वाटून घेऊ नका. ते दोन बाजूंना वेगळं असतं आणि हाडावरूनही वेगळंच राहिलं असतं, तर एमआरआयचा विषय निघाला असता.

आरोहीची_आई

स्प्रेचं काय पण? आरोहीच्या वेळी एका डॉक्टरांनी दिला आणि दुसऱ्यांनी उपयोग नाही म्हणून बंद केला.

घाटमाथा

दोघांचंही म्हणणं तुम्हाला ऐकायला मिळेल. कानातलं पाणी स्प्रेमुळे लवकर जातं असा भक्कम पुरावा नाही. ज्याला नाकाची ॲलर्जी आहे त्याला नाकासाठी फायदा होतो आणि त्या ओघात नळीलाही होत असेल, असं धरून देतात. मी ॲलर्जी असेल तरच देतो.

निरगुडी

मी देते, दुर्बिणीत सूज दिसली असेल तर. द्यायचाच तर नीट मारला तरी पाहिजे: मान थोडी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, नळीचं टोक बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्याकडे नाही. मधे मारला की नाकातून रक्त येतं, आणि आईंची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे विसरू नका. रक्त आलं तर स्प्रे थांबवून फोन करा.

भाऊसाहेब_६४

आणि सहा आठवड्यांनी पाणी तसंच असेल तर? पडद्यात नळी घालतात म्हणे.

घाटमाथा

पाणी तीन महिन्यांनंतरही राहिलं आणि ऐकण्याचा त्रास होत असेल तर विचार करतात. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढतात आणि छोटी नळी बसवतात. मोठ्या माणसात बऱ्याचदा नुसता पडदा बधिर करून होतं. पण त्याआधी नाकाच्या मागचं परत एकदा बघायचं, पहिल्यांदा स्वच्छ दिसलं होतं तरी.

कर्णोपकर्णी

कांचनताई, सहा आठवड्यांनी जाताना दोन्ही आलेखांचे मूळ कागद न्या, मोबाइलवरचा फोटो नको. फोटोत खुणा पुसट होतात. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच खोलीत करा. आधी टिंपॅनोग्राम काढायला सांगा. तो 'ए' आला, म्हणजे पडदा नीट हलतोय, तर ऑडिओमेट्री छोटी होते. 'सी' आला तर पाणी उतरतंय पण दाब अजून कमी आहे, तेव्हा लगेच पुढचं काही ठरवायची घाई करू नका.

कांचन_सातारा

नोंद केली. आई विचारतेय, तोवर विमानाने नागपूरला गेलं तर चालेल का?

निरगुडी

हे मात्र ज्यांनी कान पाहिलाय त्यांनाच विचारा. पाणी पूर्ण भरलेलं असताना त्रास कमी होतो आणि अर्धवट उतरलेलं असताना जास्त, असं बऱ्याचदा दिसतं. पण तुमचं त्या दिवशी कुठल्या टप्प्यावर असेल ते इथून कोण सांगणार? तिकीट काढायच्या आधी टिंपॅनोग्राम करून घ्या.